दोघांना एकच पत्र

भोसरीच्या एमआयडीसीत ऑफिसमधून बंद पाकीट हातात पडलं की माणूस आधी आजूबाजूला बघतो आणि मग पाकीट फोडतो. मेमो असेल, शो-कॉज असेल, फार तर बदलीची ऑर्डर असेल. चांगली बातमी पाकिटातून येत नाही, ती तोंडी येते. म्हणून भांडलेल्या दोन सहकाऱ्यांना ‘या, समोरासमोर बसून बोलू’ असं लेखी कळवायचं ठरतं, तेव्हा त्या कागदाला सुरुवातीलाच या सगळ्या जुन्या पाकिटांशी झगडावं लागतं. मी पूर्वी कारखान्यांच्या पर्सोनेल विभागात होते, आता अशी मध्यस्थीची कामं करते. खोलीत प्रत्यक्ष काय बोललं जातं यावर लोक भरभरून बोलतात, पण त्या खोलीत बोलावणाऱ्या कागदाकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं, किंवा तिथेच बिघडतं.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. प्रेस पार्ट्स करणारा लहान कारखाना. डिस्पॅच बघणारे काका तिथे वीसहून जास्त वर्षं आहेत. मालकाचे वडील होते तेव्हापासूनचे, सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणतो. क्वालिटीची जबाबदारी तिशीतल्या एका इंजिनिअर मुलीकडे. तिला सगळे नावाने आणि ‘अगं’ म्हणून हाक मारतात. एका शनिवारी संध्याकाळी चाकणला जाणारा टेंपो भरून उभा होता. पार्टच्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक धार, दिसली म्हणून तिने पार्ट भरलेल्या दोन बिनवर होल्डचा लाल टॅग लावला होता. पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल बाहेर पडण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर, सही व्हायची होती. टेंपो गेला. टॅग लागण्याआधीच बिनं चढली होती असं काका म्हणतात, टॅग काढून चढवली असं ती म्हणते. सोमवारी गिऱ्हाइकाकडून डेबिट नोट, म्हणजे मालाचे पैसे कापल्याचा कागद, आली. तिने सगळ्या विभागांना मेल टाकला, मालकांना सीसीत ठेवून. काका शॉपवर सर्वांसमोर मोठ्या आवाजात बोलले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप चिठ्ठीवर जातात आणि त्या चिठ्ठ्या एक हेल्पर पोरगा दिवसभर खालीवर पोचवतो.

मालकांनी मला बोलावलं तेव्हा पत्राचा मसुदा तयारच होता. हेतू चांगला होता, हे मी मनापासून सांगते. त्यांना दोघंही हवे होते. पण मसुदा असा होता:

‘आपणा उभयतांमधील वादामुळे कंपनीच्या कामकाजावर विपरीत परिणाम होत आहे. दि. अमुक रोजी घडलेल्या प्रकाराबाबत दोघांनीही आपला खुलासा करून सामोपचाराने समेट करावा, यासाठी बुधवारी दुपारी ४ वाजता केबिनमध्ये उपस्थित राहावे.’

वर लेटरहेड, जावक क्रमांक, खाली मालकांची सही, आणि शेवटी ‘प्रत: वैयक्तिक फाइल’.

यात एकही शब्द कुणाच्या बाजूने नाही, असं मालकांचं म्हणणं. वरवर बघता खरंही आहे. पण हा कागद काकांच्या खुर्चीत बसून वाचून बघा. ‘खुलासा’ त्यांनी आजवर फक्त चौकशीच्या कागदांत वाचलेला आहे. खुलासा मागतात तो आरोपीकडून. ‘घडलेला प्रकार’ म्हणजे शनिवार, आणि शनिवार म्हणजे टेंपो, म्हणजे ते. आता तोच कागद तिच्या खुर्चीत बसून वाचा. ‘समेट करावा’ म्हणजे निकाल आधीच लागला. भांडण मिटवून टाक, तुझा टॅग बरोबर होता की नाही ते आता सोड. दोघांनाही हा कागद समोरच्याचा वाटतो. ही तटस्थता नव्हे. दोघांवर सारखा अन्याय झाला म्हणून तो न्याय होत नाही.

दुपारचे चार बघा. डिस्पॅचला दुपारी तीननंतर टेंपो लागायला सुरुवात होते, चार वाजता काकांचा दिवस ऐन भरात असतो. त्यांना वर बसवलं तर खाली गाड्या खोळंबणार, आणि त्याचा बोल पुन्हा त्यांनाच. क्वालिटीची धावपळ सकाळी शिफ्ट सुरू होताना, फर्स्ट पीस तपासताना. दुपारी ती मोकळी. म्हणजे एक अक्षरही न लिहिता वेळेनेच एकाची बाजू घेतली होती. वार बुधवार, आणि त्या भागात गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. बुधवारी संध्याकाळी काही अर्धवट राहिलं तर माणूस ते घरी नेतो आणि पुढचा अख्खा दिवस मनात घोळवत बसतो. केबिनबद्दल वेगळं बोलायलाच नको. तिथे काका मालकाच्या वडिलांसमोर बसलेले आहेत आणि ती इंटरव्ह्यूला बसली होती.

लिहायला घेण्याआधी मालकांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या, कारण त्यांच्या उत्तरांवाचून पत्रातल्या मुख्य वाक्यांना पाठबळ नसतं. पहिली: दोघांपैकी कुणी ‘नाही’ म्हटलं तर तुम्ही काय कराल? ‘नाही कसं म्हणतील?’ असं उत्तर आलं. मग त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. येणं ऐच्छिक आहे असं मी लिहायचं आणि न येणाऱ्याची पगारवाढ अडायची, तर मी खोटं लिहिलेलं असतं. शेवटी त्यांनी शब्द दिला की नकाराचा हिशेब कुठेही धरला जाणार नाही. ते म्हणाले नसते, तर ‘तुम्ही ठरवा’ हे वाक्य मी पत्रात घातलं नसतं. सक्तीची बैठक असेल तर तसं सरळ लिहावं. लोक सक्ती सहन करतात, फसवणूक नाही.

दुसरा प्रश्न: काका मोठ्याने बोलले, ते नक्की काय बोलले? तिच्या बाई असण्यावरून काही निघालं असेल तर ही वाट माझ्यासाठी बंद होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. त्यात चौकशीआधी समझोत्याची सोय आहे, पण ती तक्रार करणाऱ्या स्त्रीने स्वतः विनंती केली तरच, आणि तीही समितीमार्फत. तिथे मी किंवा मालक ‘बसून मिटवू’ म्हणून पत्र पाठवणं म्हणजे तिचा हक्क परस्पर गुंडाळणं. मालक म्हणाले, तसं काही नव्हतं, कामावरूनच होतं. मी ते ऐकून घेतलं, पण फक्त त्यांच्या शब्दावर विसंबले नाही. म्हणूनच आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं आणि मग एकत्र बसायचं, हा क्रम मी पत्रातच लिहिते. एकट्या भेटीत तिने वेगळं काही सांगितलं असतं तर पुढची बैठक तिथेच थांबली असती, आणि का थांबली हे काकांना कळण्याचं कारणही नव्हतं.

मग लिहायला बसले. सगळ्यात जास्त वेळ एका वाक्याला लागला: भांडण कशावरून आहे, ते सांगणारं वाक्य.

सोपा मार्ग असा की काहीच सांगायचं नाही. ‘विभागांमधील सुसंवाद वाढावा यासाठी’ असं गुळगुळीत लिहायचं. पण ज्याचं बोलणं बंद आहे त्याला ‘सुसंवाद’ म्हटलं की संशय येतो, इथे काहीतरी लपवताहेत. विषय नेमका सांगायला हवा, आणि वाक्य दोघांनाही एकाच वेळी ‘हो, हे असंच आहे’ म्हणता येईल असं हवं. माझा पहिला प्रयत्न असा होता: ‘शनिवारी पीडीआय रिपोर्ट आणि टेंपोची वेळ यांचा मेळ बसला नाही.’ यात कर्ता नाही, कुणी थांबवलं नाही, कुणी पाठवलं नाही. तरी काकांच्या नजरेने वाचलं की टोचतो तो ‘शनिवार’. त्यांची बाजू अशी की शनिवार ही एकदाची गोष्ट, खरा त्रास रोजचा, रिपोर्ट रोजच उशिरा येतो. तिची बाजू अशी की टॅगला कुणी जुमानत नाही, आणि शनिवार हा त्याचा पुरावा. शनिवार लिहिला की पत्र तिच्या बाजूला झुकतं, ‘रोजचा उशीर’ लिहिलं की काकांच्या. म्हणून मागे काय झालं ते सोडून दिलं आणि पुढे काय ठरवायचं आहे ते लिहिलं. घटना बैठकीत येणारच, पण ती त्यांच्या तोंडून यावी, माझ्या पत्रातून नव्हे.

मग संबोधन. बोलताना काका हे ‘काका’ आणि ती नावाने, ‘अगं’. पत्रात एकाला ‘आदरणीय’ आणि दुसरीला ‘प्रिय’ लिहिलं की पहिल्या ओळीतच एक थोरला आणि एक धाकटी ठरते, आणि हे भांडण बऱ्याच अंशी त्यावरूनच आहे: वीस वर्षांच्या अनुभवाला पाच वर्षांच्या सहीने अडवावं का. श्री., सौ., कु. लिहायचं तर तिच्या लग्नाची चौकशी कागदावर येते, त्यांच्या लग्नाची येत नाही. म्हणून दोघांनाही नाव आणि आडनाव, मागेपुढे काही नाही, आणि आतमध्ये सगळीकडे ‘तुम्ही’. काकांना हे कोरडं वाटेल ही भीती मला होती. पण त्यांचा मान मी समोर गेल्यावर ‘काका’ म्हणून ठेवू शकत होते. कागदावर दोघं एका उंचीचे हवे होते.

कुणाचं नाव आधी, हा प्रश्न दोन प्रती काढून सुटला. ज्याची प्रत त्याचं नाव वर, दुसऱ्याचं आत एकदाच. शेवटी पत्र असं झालं:

‘नमस्कार. हे पत्र दोघांना दिलं आहे: एक प्रत तुम्हाला, एक ______ यांना. नावं सोडली तर दोन्हींत एका शब्दाचाही फरक नाही.

माल तपासून होणं आणि माल गाडीत चढणं, या दोन कामांमधला वेळ कसा ठरवायचा आणि अडचण आली तर एकमेकांना कसं कळवायचं, यावर सध्या तुमचं दोघांचं एकमत नाही. निरोप चिठ्ठीवर जातात. याबद्दल तुम्ही दोघांनी समोरासमोर बोलावं आणि त्या वेळी मी सोबत असावं, असं मी सुचवते.

मला मालकांनी बोलावलं आहे आणि माझं मानधन कंपनी देते. कोण बरोबर, कोण चूक हे मी ठरवणार नाही आणि तसा अहवालही देणार नाही. ही चौकशी नाही. याचा कुठलाही कागद तुमच्या फाइलला लागणार नाही.

आधी मी तुम्हाला प्रत्येकाला वेगवेगळं भेटेन, पाऊण पाऊण तास. त्यानंतर दोघांची तयारी असेल तरच एकत्र बसू: मंगळवारी सकाळी ११ ते १२:३०, वरच्या मजल्यावरची ट्रेनिंगची खोली. या वेळेत दोघांचंही काम दुसरं कुणी बघेल, असं मालकांनी कबूल केलं आहे.

तिथलं बोलणं मी बाहेर सांगणार नाही. मालकांना काय सांगायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवाल. कुणाच्या सुरक्षिततेला धोका असेल किंवा कायद्याने कळवणं भाग असेल, असं काही पुढे आलं तर मात्र मला ते दडवता येणार नाही. तेही आधी तुम्हाला सांगेन.

यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही म्हटलं तर त्याचा तुमच्या कामावर किंवा पगारवाढीवर परिणाम होणार नाही, असा शब्द मालकांनी मला दिला आहे. शनिवारपर्यंत फोनवर किंवा भेटून मला कळवा.’

खाली माझं नाव, फोन नंबर. साधा कागद. लेटरहेड नाही, जावक क्रमांक नाही.

मानधनाचं वाक्य काढा, असं मालकांनी सुचवलं होतं. उगाच मनात येतं म्हणाले. पण मनात ते आधीच आलेलं असतं. शॉपवर मी पाय टाकल्यापासून सगळ्यांना माहीत असतं की ही साहेबांची माणूस. ते मी स्वतः लिहिलं, तर निदान ‘अहवाल देणार नाही’ या पुढच्या वाक्यावर विश्वास ठेवायला जागा राहते. आणि ‘परिणाम होणार नाही’ असं मी माझ्या जिवावर लिहिलं नाही. तो शब्द मालकांचा आहे, म्हणून त्यांच्या नावावर लिहिला. माझ्या हातात जे नाही त्याचं वचन मी देत नाही. आणखी एक गोष्ट पत्रात नाही: कुणी नकार दिला ते मालकांना कळणार नाही, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माणसं दोनच, मालक अंदाज बांधणारच. मी फक्त ‘भेट होत नाहीये’ एवढं सांगू शकते.

पत्र द्यायच्या आधी मी ते दोनदा वाचते, हातात पेन्सिल घेऊन. एकदा मी काका असते, एकदा ती. ज्या वाक्यावर ‘बघा, मी म्हणतच होतो’ असं वाटेल तिथे खूण, आणि जिथे पोटात गोळा येईल तिथेही खूण. मग दोघांच्या जागा बदलून बघते, डिस्पॅचच्या जागी क्वालिटी, क्वालिटीच्या जागी डिस्पॅच. वाक्य तरीही तसंच उभं राहिलं तर ठीक. ‘निरोप चिठ्ठीवर जातात’ हे वाक्य राहिलं, कारण चिठ्ठ्या दोघंही लिहीत होते. ‘सर्वांना गेलेला मेल’ आणि ‘शॉपवर चढलेला आवाज’ ही जोडी मी आधी लिहिली होती, एकाला एक म्हणून. ती गेली. एकाला एक ठेवून मांडलेल्या दोन चुका वाचताना प्रत्येकाला फक्त आपलीच दिसते.

द्यायचं कसं? मेल नको, कारण मेल हेच तिचं हत्यार ठरलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तर पाच मिनिटांत डिस्पॅचच्या ग्रुपवर फिरलं असतं. हेल्पर पोराच्या हाती तर मुळीच नको, तो आधीच दोन विभागांच्या मधे भरडला जात होता. मी स्वतः गेले. डिस्पॅच गेटजवळ म्हणून आधी काकांना दिलं आणि तिथेच सांगितलं की आता लगेच वर जाऊन दुसरी प्रत देते. वर गेल्यावर तिलाही सांगितलं, खाली आत्ता देऊन आले. पाकीट बंद केलं नव्हतं, कागद नुसता दुमडलेला होता. दोघांनाही उभ्या उभ्या एकच वाक्य म्हटलं: सावकाश वाचा, आत्ता उत्तर नको.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. विचारत होती, टॅगबद्दल पत्रात एक शब्द कसा नाही, तोच तर मुद्दा आहे. मी म्हटलं, तो तुम्ही मांडाल, मला तो तुमच्याच तोंडून ऐकायचा आहे. त्याच संध्याकाळी काका गेटवर भेटले. त्यांचं म्हणणं, सगळ्या जगाला मेल गेला, त्याचं पत्रात काहीच नाही, एवढी मोठी गोष्ट तुम्ही गाळली कशी. मला त्या दिवशी खूप हायसं वाटलं. दोघांनाही आपला मुद्दा गाळल्यासारखा वाटला आणि दोघांपैकी कुणालाही आपल्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटलं नाही, ही चांगली खूण असते. एकच खूश आणि दुसरा गप्प असता, तर मी पत्र मागे घेऊन नव्याने लिहिलं असतं.

काकांनी आणखी एक विचारलं. एकट्याने, टेंपोच्या फाळक्याला टेकून, आवाज खाली आणून. ‘बोलणं चाललेलं असताना साहेब मधेच डोकावणार नाहीत ना? ते आले की मी जुना माणूस होतो, मग मला बोलता येत नाही.’ हे माझ्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. मालकासमोर काकांना जास्त बळ येईल असंच कुणालाही वाटलं असतं. मी मालकांशी बोलले, त्यांनी मान्य केलं की त्या दीड तासात ते कारखान्यात असतील पण वर येणार नाहीत. हे मी काकांना तोंडी सांगून मोकळी होऊ शकत होते. पण मग एकाला एक गोष्ट माहीत आणि दुसरीला नाही, असं झालं असतं, आणि दोन्ही प्रतींत एका शब्दाचाही फरक नाही हे वाक्य तिथेच पडलं असतं. म्हणून पत्र पुन्हा छापलं, वेळेच्या वाक्याखाली एक ओळ वाढवून: ‘या वेळेत खोलीत तुम्ही दोघं आणि मी, एवढेच असू. मालक येणार नाहीत.’ ही ओळ कुणी मागितली ते लिहिलं नाही. दोन्ही जुन्या प्रती परत घेतल्या, दोन्ही नव्या दिल्या, या वेळी आधी वर आणि मग खाली.

शनिवारी दुपारपर्यंत दोघांचाही होकार आला. तिने मेसेज केला. काकांनी चिठ्ठी लिहिली, आणि ती द्यायला स्वतः आले.